प्रसूती रजेचा अर्ज : ‘माझे काम सहकारी पाहतील’ हे वाक्य आधी खोडा

दोन प्रसूती रजा मी स्वतः घेतल्या आणि वॉर्ड इन्चार्ज झाल्यापासून स्टाफ नर्सचे असे अर्ज माझ्याच टेबलावरून मेट्रनकडे जातात. बहुतेक अर्जांत गरोदरपणाबद्दल अर्धं पान असतं, ‘होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असतं, आणि रजा कधी सुरू, कधी संपणार, मागे कोण काय बघणार हे काहीच नसतं. क्षमा कसली मागता? रजा हक्काची आहे. तब्येतीचा इतिहासही नको, डॉक्टरांचा अपेक्षित प्रसूती दिनांकाचा दाखला जोडला की झालं.

हे सगळं खासगी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयाबद्दल आहे. तिथे पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे मिळतात, आणि त्यातले ८ पेक्षा जास्त अपेक्षित तारखेच्या आधी घेता येत नाहीत. राज्य सरकारी सेवेत हिशेब १८० दिवसांचा असतो, त्यामुळे खालची तारीख तशीच्या तशी उचलू नका.

तारीख ‘सहा महिने’ म्हणून काढू नका, आठवडे मोजा. समजा डॉक्टरांनी १५ मे २०२६ दिली आहे. ८ आठवडे मागे गेलं की २० मार्च येते, त्याआधी रजा सुरू होत नाही. तुम्हाला २० एप्रिल, सोमवारपासून रजा हवी आहे. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, आणि पहिला दिवसही त्यात धरायचा. शेवटचा दिवस येतो १८ ऑक्टोबर, रविवार. रुजू व्हायचं १९ ऑक्टोबरला, सोमवारी. ताळा सोपा आहे : ज्या वारी रजा सुरू, त्याच वारी रुजू. वार जुळला नाही तर मोजण्यात चूक आहे. बाळ २२ मेला आलं म्हणून रुजू होण्याची तारीख पुढे सरकत नाही, कारण मोजणी रजेच्या पहिल्या दिवसापासून असते. मात्र बाळ २० एप्रिलच्या आधीच आलं तर रजा त्या दिवसापासून धरावी लागते, म्हणून तसं एक वाक्य अर्जात हवंच.

आता कामाच्या हस्तांतराचं. इथेच मी स्वतः आपटले होते.

पहिल्या वेळी मी लिहिलं होतं, ‘माझे काम सहकारी पाहतील.’ मला वाटलं, आपण तीन पाळ्यांत रोज ओव्हर देतो-घेतो, त्यात वेगळं काय लिहायचं? पण रोजची ओव्हर पेशंटची असते, आणि पेशंट तसेही चार दिवसांत डिस्चार्ज होतात. मागे राहतात ती माझ्या नावावरची कामं : नार्कोटिक कपाटाची चावी आणि रजिस्टर, इमर्जन्सी ट्रॉलीची तपासणी, महिन्याचा इंडेंट, डेड स्टॉक. चावी मी शेवटच्या दिवशी घाईत, तोंडी सांगून एका मैत्रिणीच्या हातात दिली. सिझेरियनला बारा दिवस झाले होते, मांडीवर बाळ, आणि वॉर्डातून फोन : फेंटानिलचं एक अँप्युल कमी आहे. ते माझ्या पाळीत फुटलं होतं. फुटल्याची नोंद करून साक्षीदाराची सही घ्यायची ती राहून गेली होती. मैत्रिणीने चावी घेतली तेव्हा आम्ही दोघींनी मोजलंच नव्हतं, त्यामुळे कमतरता माझ्या वेळची की तिच्या, हे कागदावर सिद्ध करता येईना. लेखी खुलासा तिलाही द्यावा लागला. त्यानंतर ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलली नाही.

म्हणून आता मी तीन गोष्टींवर अडून बसते. पहिली, नाव तुम्ही सुचवायचं, पण त्या सिस्टरला आधी विचारून. ड्युटी लावणं इन्चार्जचं काम आहे, त्यामुळे अर्जात ‘सुचवते’ हाच शब्द हवा. सगळी कामं एकीच्याच गळ्यात बांधू नका, तिलाही नाइट असतात. दुसरी, नुसतं ‘ट्रॉली’ लिहू नका. कधी तपासायची, रजिस्टर कुठे असतं, येत्या महिन्यांत कोणती औषधं एक्सपायर होतात हे लिहा. आमच्याकडे एकदा लॅरिंगोस्कोपचे सेल बदलायचे असतात हे फक्त रजेवर गेलेल्या सिस्टरलाच माहीत होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची : हस्तांतर शेवटच्या दिवशी ठेवायचं नाही. दोन आठवडे आधी उरकायचं. रजा २० एप्रिलची असेल तर ६ एप्रिलला कपाट दोघींनी मिळून मोजायचं, रजिस्टरच्या ओळीखाली दोघींच्या सह्या, आणि चावी त्या दिवसापासून तिच्याकडे. उरलेले दिवस ती काम करेल, तुम्ही शेजारी उभ्या राहून बघाल. तिचा पहिला इंडेंट तुमच्यासमोर जातो, काय अडतं ते तिथेच कळतं. आणि आठव्या महिन्यात पाणी गेलं तरी कुणाचं काही अडत नाही. ‘अजून वेळ आहे गं’ म्हणणाऱ्या दोघींना मी वॉर्डातून थेट लेबर रूममध्ये पोहोचवलंय.

अर्ज एका पानाचा, असा :

मा. अधिसेविका यांस,
विषय : प्रसूती रजा मिळणेबाबत (२० एप्रिल ते १८ ऑक्टोबर २०२६)

महोदया,
मी स्त्री शल्य कक्षात स्टाफ नर्स आहे. माझी अपेक्षित प्रसूती १५ मे २०२६ रोजी आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला २० एप्रिल ते १८ ऑक्टोबर २०२६ अशी २६ आठवड्यांची प्रसूती रजा मंजूर करावी. प्रसूती त्याआधी झाल्यास रजा त्या दिवसापासून धरावी. तसे मी कळवीन. १९ ऑक्टोबर २०२६ रोजी रुजू होण्याचा माझा मानस आहे. त्यात बदल करावा लागल्यास आधी लेखी कळवीन.

माझ्याकडील कामांसाठी कक्षातील दोन सिस्टरची नावे, त्यांच्या संमतीने, सोबतच्या तक्त्यात सुचवली आहेत. नार्कोटिक कपाटाची संयुक्त मोजणी ६ एप्रिल रोजी करून चावी व रजिस्टर हस्तांतरित करीन. इमर्जन्सी ट्रॉली व इंडेंट त्याच आठवड्यात समजावून देईन.

आपली विश्वासू,

‘मानस आहे’ हे मुद्दाम लिहिलंय. ‘नक्की रुजू होईन’ लिहून स्वतःला बांधून घेऊ नका. बाळंतपणातून आजार उद्भवला तर दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळू शकते. उलट ‘परिस्थिती पाहून कळवीन’ लिहिलंत तर बदली सिस्टर किती दिवसांसाठी घ्यायची ते ऑफिसला ठरवता येत नाही. परत आल्यावर नाइट करेन की नाही, ते या अर्जात आणूच नका. तो विषय रुजू होण्याआधी महिनाभर वेगळ्या पत्राने काढा.

तक्ता वेगळ्या कागदावर. पेशंटचं नाव कुठेही नको.

अर्ज रजेच्या सहा-सात आठवडे आधी द्या, म्हणजे या उदाहरणात मार्चच्या पहिल्या आठवड्यात. एप्रिलची ड्युटी लागायच्या आत तो इन्चार्जच्या हातात असतो. दोन प्रती काढा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. ‘ठेवून जा सिस्टर, बघतो’ म्हणाले तरी उभ्या राहा.