आयोडीन घड्याळ: प्रयोगाच्या अहवालाचा गोषवारा कसा लिहावा?

‘द्रावण ३७ सेकंदांनी अचानक निळे झाले.’ आयोडीन घड्याळाच्या गोषवाऱ्यात हे वाक्य हमखास सापडतं, आणि तिथे त्याचं काहीच काम नसतं. वाचकाला हवा असतो वेग. म्हणून आधी गणित उरका, गोषवारा मग लिहा.

पर्सल्फेट आणि आयोडाइड यांच्यापासून आयोडीन तयार होतं. थायोसल्फेट ते लगेच खाऊन टाकतं. थायोसल्फेट संपलं की स्टार्च निळा पडतो. एका आयोडीन रेणूला दोन थायोसल्फेट लागतात, म्हणून वेग = थायोसल्फेटची सुरुवातीची संहती ÷ (२ × वेळ). समजा, मिश्रणात थायोसल्फेट ०.००१०, पर्सल्फेट ०.०४० आणि आयोडाइड ०.०८० मोल प्रतिलिटर आहे. वेळ लागला ३७ सेकंद. पर्सल्फेट निम्मं केल्यावर ७५ आणि फक्त आयोडाइड निम्मं केल्यावर ७६ सेकंद लागले. वेळ जवळपास दुप्पट झाला, म्हणजे दोन्हींची कोटी सुमारे १.

आता क्रमाने लिहा: काय तपासलं, कसं मोजलं, किती आलं, त्यातून काय कळतं. पहिल्या दोन गोष्टींना एकेक वाक्य पुरे. स्टार्च निळा का होतो हे प्रस्तावनेत सांगा.

> पर्सल्फेट-आयोडाइड अभिक्रियेचा वेग दोन्ही आयनांच्या संहतीवर कसा अवलंबून असतो, हे २५ °से. तापमानाला तपासले. थायोसल्फेट-स्टार्च घड्याळ पद्धतीने सुरुवातीचा वेग मोजला. पोटॅशियम नायट्रेट घालून आयनिक तीव्रता स्थिर ठेवली. पर्सल्फेटची कोटी १.०२ आणि आयोडाइडची १.०४ आली, वेग स्थिरांक (४.२ ± ०.१) × १०⁻³ लि. मोल⁻¹ से.⁻¹ मिळाला. एकूण समीकरणात दोन आयोडाइड असूनही आयोडाइडची कोटी सुमारे १ आहे; मंद पायरीत एकच आयोडाइड असल्याच्या कल्पनेशी हे जुळते. प्रत्येक कोटी दोनच संहतींवरून काढली आहे.

तापमान गाळू नका. त्याशिवाय वेग स्थिरांकाला अर्थ नाही. ‘जुळते’ हा शब्दही मुद्दाम आहे. कोटीवरून अभिक्रियेची यंत्रणा ‘सिद्ध’ होत नाही, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

नायट्रेटचा उल्लेख अनेक जण सोडतात. दोन्ही आयन ऋणभारित आहेत, त्यामुळे द्रावणात क्षार वाढला की ही अभिक्रिया वेगाने होते. संहती निम्मी करताना तुम्ही नुसतं पाणी घातलं असेल, तर क्षारही कमी झाला, वेग निम्म्याहूनही खाली गेला आणि कोटी १ पेक्षा फुगलेली दिसली. तुमची कोटी १.२ च्या आसपास आली असेल, तर आधी वहीत पाहा, जागा पाण्याने भरली होती की नायट्रेटच्या द्रावणाने. पाणी असेल तर नायट्रेटचं वाक्य काढा आणि शेवटच्या वाक्यात तसं स्पष्ट लिहा. आकडा गोल करून १ करू नका.