मध्यस्थ चलाची परिकल्पना: प्रबंधात या चुका टाळा

‘क्ष चा परिणाम य वर म मार्फत होतो’ ही परिकल्पना मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि व्यवस्थापनाच्या प्रबंधांत सर्रास दिसते. आकडेमोड सॉफ्टवेअर करून देतं, पण निष्कर्षाचं वाक्य आपल्यालाच लिहावं लागतं आणि व्हायवात प्रश्न येतात ते त्याच वाक्यावर. एकच उदाहरण धरून पाहू. आकडे समजावण्यापुरते, काल्पनिक आहेत.

महाविद्यालयातले २४० विद्यार्थी. स्वतंत्र चल म्हणजे रात्री दहानंतर मोबाइलवर जाणारे तास. मध्यस्थ चल झोप, पीएसक्यूआय प्रश्नावलीने मोजलेली. परतंत्र चल म्हणजे दिवसाचा थकवा, ० ते ३३ गुणांच्या श्रेणीवर. परिकल्पना अशी की रात्रीच्या मोबाइलमुळे झोप बिघडते आणि बिघडलेल्या झोपेमुळे थकवा वाढतो. मोबाइलचा झोपेवरचा परिणाम म्हणजे a, झोपेचा थकव्यावरचा परिणाम b, आणि त्यांचा गुणाकार a×b म्हणजे झोपेमार्फत होणारा अप्रत्यक्ष परिणाम. मोबाइलचा थकव्यावर थेट होणारा प्रत्यक्ष परिणाम c′ आणि एकूण परिणाम c.

आकडेमोडीआधीची चूक: मापन न वाचता मॉडेल चालवणं

पीएसक्यूआयचे गुण ० ते २१ असतात आणि जास्त गुण म्हणजे वाईट झोप. प्रबंधात मात्र चलाचं नाव ‘झोपेची गुणवत्ता’ असतं, a चं चिन्ह धन येतं आणि चर्चेत ‘मोबाइलमुळे झोपेची गुणवत्ता वाढते’ असं उलटं वाक्य उतरतं. चलाचं नाव गुणांच्या दिशेनेच ठेवा: ‘झोपेच्या तक्रारी’.

दुसरी अडचण याहून मोठी आणि सहज नजरेआड होणारी आहे. पीएसक्यूआयच्या सात घटकांपैकी एक घटक दिवसाच्या कामकाजाचा आहे. दिवसा जागं राहणं जड जातं का, कामाचा उत्साह टिकतो का, असे प्रश्न त्यात आहेत. म्हणजे थकव्याचाच थोडा भाग मध्यस्थ चलात शिरलेला असतो. मग b फुगतो, आणि तो झोपेमुळे किती आणि प्रश्न सारखे असल्यामुळे किती, हे कळत नाही. तो घटक वगळून विश्लेषण पुन्हा करा आणि दोन्ही उत्तरं प्रबंधात द्या. अप्रत्यक्ष परिणाम फार घसरला, तर तेही लिहा.

जुन्या पायऱ्यांवर अडून बसणं

बॅरन आणि केनी यांच्या १९८६ च्या पद्धतीत पहिली अट अशी की एकूण परिणाम c सिग्निफिकंट हवा. त्यामुळे c सिग्निफिकंट आला नाही की विद्यार्थी तिथेच थांबतात. ही अट आता आवश्यक मानली जात नाही. प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष परिणाम उलट दिशेचे असले तर ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि c शून्याजवळ दिसतो. शिवाय a आणि b वेगवेगळे सिग्निफिकंट दाखवले, तरी त्यांचा गुणाकार a×b किती आणि किती अनिश्चित, हे सांगायचं राहूनच जातं.

गुणाकाराचं वितरण सहसा सममित नसतं. सोबेल चाचणी ते नॉर्मल धरून चालते, म्हणून लहान नमुन्यात ती खरा परिणाम हुकवते. त्यापेक्षा बूटस्ट्रॅपने, म्हणजे आपल्याच नमुन्यातून हजारो वेळा पुन्हा नमुने काढून, ९५ टक्के विश्वासअंतराल काढा. आर भाषेतल्या `lavaan` पॅकेजमध्ये एवढं पुरतं:

```r
library(lavaan)
set.seed(4521)
m <- '
  jhop   ~ a*mobile + vay + ling
  thakva ~ b*jhop + cp*mobile + vay + ling
  ind := a*b
  tot := cp + a*b
'
fit <- sem(m, data = d, se = "bootstrap",
           bootstrap = 5000)
parameterEstimates(fit, boot.ci.type = "perc")
```

`ling` हे चल ०/१ असं कोड केलेलं हवं. एसपीएसएसमध्ये प्रोसेस मॅक्रोचं मॉडेल ४ हेच काम करतं. सीड लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी अंतराल किंचित बदलतं आणि तक्ता व मजकूर जुळत नाहीत.

आपल्या उदाहरणात a = ०.४०, b = ०.३५, c′ = ०.१० आणि a×b = ०.१४ आले. बूटस्ट्रॅप अंतराल ०.०७ ते ०.२२. एकूण परिणाम ०.२४, म्हणजे ०.१० आणि ०.१४ यांची बरोबर बेरीज. साध्या रिग्रेशनमध्ये ही बेरीज जुळलीच पाहिजे. जुळत नसेल तर आधी प्रत्येक समीकरणातली विद्यार्थीसंख्या पाहा. रिकाम्या नोंदींमुळे एकात २४० आणि दुसऱ्यात २२६ विद्यार्थी गेले असतात, किंवा वय आणि लिंग एकाच समीकरणात घातलेलं असतं.

‘पूर्ण मध्यस्थी सिद्ध झाली’

c′ = ०.१० सिग्निफिकंट नाही, म्हणून मोबाइलचा सगळा परिणाम झोपेमार्फतच होतो, असं लिहिलं जातं. आता c′ चं अंतराल पाहा: −०.०८ ते ०.२८. प्रत्यक्ष परिणाम शून्य असू शकतो, तसाच अप्रत्यक्ष परिणामाच्या दुप्पटही असू शकतो. एवढ्या माहितीवर ‘पूर्ण’ म्हणता येत नाही. नमुना जितका लहान, तितका c′ सिग्निफिकंट न येण्याचा संभव जास्त. म्हणजे या रीतीने कमी माहितीतून जास्त मोठा दावा निघतो.

‘५८ टक्के परिणाम झोपेमार्फत’ हेही जपून. ०.१४ भागिले ०.२४ म्हणजे ५८ टक्के खरं, पण एकूण परिणाम लहान असला की भाजक जरा हलताच टक्केवारी कुठल्याकुठे जाते. त्याऐवजी मूळ एककात सांगा: मोबाइलवर एक तास जास्त म्हणजे झोपेच्या वाटेने थकव्याचे ०.१४ गुण जास्त. ३३ पैकी ०.१४! अंतरालात शून्य नसलं तरी परिणाम किती छोटा आहे, हे वाचकाला लगेच दिसतं.

कारणाची भाषा

तिन्ही प्रश्नावल्या एकाच दिवशी भरून घेतल्या असतील, तर आधी मोबाइल, मग झोप, मग थकवा हा क्रम आपण गृहीत धरलेला असतो, तपासलेला नसतो. दिवसभर थकलेला विद्यार्थी रात्री मोबाइल घेऊन पडून राहत असेल, तर बाण उलटा आहे. बाण फिरवून मॉडेल चालवलं, तरी निवाडा होत नाही. तीन चलांमधले सगळे बाण मोकळे असलेली मॉडेलं माहितीला सारखीच बसतात. क्रम ठरतो अभ्यासाच्या आराखड्याने: निदान झोप आणि थकवा वेगवेगळ्या वेळी मोजून, आणि थकव्याची सुरुवातीची पातळी समीकरणात घेऊन.

आणखी एक गोष्ट प्रयोगातसुद्धा सुटत नाही. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांचा मोबाइल रात्री बंद केला, तरी झोप कोणाची किती बिघडेल हे आपण ठरवलेलं नसतं. चिंता झोपही बिघडवते आणि थकवाही वाढवते, त्यामुळे b मध्ये चिंतेचा हिस्सा मिसळतो. चिंता आधी मोजून समीकरणात घ्या. न मोजलेल्या घटकांसाठी `mediation` पॅकेजमधलं `medsens` चालवा. झोप आणि थकवा यांच्या उरलेल्या त्रुटींत किती सहसंबंध असला तर अप्रत्यक्ष परिणाम शून्यावर येईल, ते त्यातून कळतं. तो आकडा ०.१ च्या आसपास निघाला, तर तुमचा निष्कर्ष नाजूक आहे.

आता निष्कर्षाचं वाक्य. असं नको: ‘झोपेमुळेच मोबाइल थकवा वाढवतो, हे सिद्ध झाले.’ असं लिहा: ‘रात्रीचा मोबाइलवापर आणि थकवा यांच्यातील संबंधाचा काही भाग झोपेच्या तक्रारींमार्फत जात असावा, या परिकल्पनेशी निष्कर्ष सुसंगत आहेत (a×b = ०.१४, ९५ टक्के बूटस्ट्रॅप अंतराल ०.०७ ते ०.२२, ५००० फेऱ्या). सर्व मापने एकाच वेळची असल्याने कारणांचा क्रम या माहितीवरून ठरवता येत नाही.’

आणि अंतरालात शून्य आलं, तर ‘मध्यस्थी नाही’ असंही लिहू नका. −०.०२ ते ०.३१ असं अंतराल असेल तर परिणाम शून्य असू शकतो आणि बऱ्यापैकी मोठाही. तिथे ‘या नमुन्यातून निर्णय करता येत नाही’ एवढंच लिहावं, आणि अंतराल छापावं.