वक्त्याचा परिचय: एकदा लिहा, दोन मापांत द्या

परिषदेचे आयोजक 50 शब्दांचा परिचय मागतात, 150 शब्दांचाही. लांबलचक लिहून मग छाटत बसू नका, छोटा आधी लिहा.

1. पहिल्या वाक्यात नाव, काम, ठिकाण: ‘डॉ. अमुक बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात वस्तुसंग्रहालयशास्त्र शिकवतात.’

2. दुसऱ्यात व्याख्यानाशी जुळणारं एकच काम: ‘जुन्या पैठण्यांचं जतन हा त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे.’ झाला छोटा परिचय! 50 शब्द भरलेच पाहिजेत असं नाही.

3. मोठ्यासाठी ही दोन वाक्यं तशीच ठेवून पुढे शिक्षण, एखादं पुस्तक किंवा प्रकल्प जोडा. जागा कमी पडली तर आयोजक शेवटून कापतात, म्हणून पुरस्कार तळाशी.

नवा परिच्छेद नावानेच सुरू करा. छोटा परिचय बहुधा सूत्रसंचालक मंचावर वाचतात, तेव्हा तो मोठ्याने वाचून बघा. दम लागला तर वाक्य तोडा. ‘सुप्रसिद्ध’ वगैरे त्यांच्यावर सोडा, तो मान त्यांचा.

एक सांभाळा: ‘गेली 12 वर्षे’ऐवजी ‘2013 पासून’ लिहा. जुनी फाइल पुढच्या वर्षी तशीच पाठवली जाते.