दहा मिनिटांच्या भाषणाचा कळस आठव्या मिनिटाला

इंदूरच्या आमच्या मंडळात भाचीचं अहिल्याबाईंवर भाषण होतं. तालमीत तिसऱ्या मिनिटालाच तिचा आवाज टिपेला जायचा: १७५४, कुंभेरीचा वेढा, खंडेराव पडले, सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबवलं. त्यानंतर आवाजाला चढायला जागाच उरत नसे. ऐकणारे मागे टेकायचे, आणि १७९१मधलं अहिल्याबाईंच्या लेकीचं, मुक्ताबाईचं, सती जाणं कोरड्या माहितीसारखं निघून जायचं.

प्रसंग आम्ही कालक्रमानेच ठेवले, फक्त भार हलवला. कुंभेरी दीड मिनिटात, बातमी सांगावी तशा सपाट आवाजात आणि विशेषणांशिवाय. मल्हाररावांची विनवणी मात्र ठेवली, कारण शेवटचा घाव तिच्यावरच उभा आहे. मग महेश्वर, घाट, विणकर. इथे सूर मुद्दाम उतरवला. १७६७मधला मालेरावांचा मृत्यू एका वाक्यात आला, म्हणजे मुक्ताबाई हे एकच अपत्य उरलं हे लक्षात राहतं.

सव्वाआठव्या मिनिटाला मुक्ताबाई. जिला सासऱ्याने थांबवलं, तिला स्वतःची लेक थांबवता आली नाही. इथे आवाज चढवायचा नाही. वाक्यं तोकडी, गती निम्मी, मग तीन-चार सेकंद पूर्ण शांतता. कळस अगदी शेवटच्या वाक्यावर ठेवला असता तर टाळ्यांनी ती शांतता मोडली असती. म्हणून पुढचं मिनिटभर अहिल्याबाईंच्या अखेरच्या चार वर्षांसाठी राखलं.

कार्यक्रमात त्या शांततेत कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. मला तेवढंच हवं होतं.