नळाचं पाणी गढूळ का येतं? दोन ग्लास भरून ओळखा

उन्हाळाभर तापून भुसभुशीत झालेली माती, वर गवताचं पातंही नाही. पहिला जोरदार पाऊस तीच माती नदीत लोटतो. एका रात्रीत गाळ इतका वाढतो की शुद्धीकरण केंद्रातले वाळूचे गाळणथर भराभर तुंबतात, तुरटीचं प्रमाणही वेळेत जुळत नाही. मात्र गढूळपणाचं मूळ दर वेळी नदीतच असतं असं नाही.

पाणी सुटताच एक स्वच्छ काचेचा ग्लास भरा, पाच मिनिटं तोटी चालू ठेवून दुसरा. (वाहतं पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला होईल.) पांढुरकं पाणी तळाकडून वर स्वच्छ होत गेलं, तर ती नुसती हवा. दोन्ही ग्लास सारखेच मातकट असतील आणि तासाभरानेही निवळत नसतील, तर ती नदीची चिकणमाती. पहिला गढूळ आणि दुसरा स्वच्छ असेल, तर दोष वाटेत आहे. तांबूस कण पटकन तळाशी बसले, तर बहुधा पाइपातला गंज. पण माती असेल तर सावध व्हा. पाणी बंद असताना पाइपातला दाब जातो आणि फुटक्या सांध्यातून बाहेरचा चिखल आत शिरतो, कधी सांडपाणीही. अशी शंका आली, तर ते पाणी पिऊ नका, तक्रार करा. शेजारी स्वच्छ आणि तुमच्याकडेच गढूळ असेल, तर जमिनीखालची टाकी उघडून बघा.

चिकणमातीच्या सूक्ष्म कणांवर ऋणभार असतो. ते एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून खाली बसत नाहीत. तुरटी हा भार मोडते. पण तुरटी अंदाजाने फिरवण्यापेक्षा मोजून घाला. 10 ग्रॅम तुरटी 1 लिटर पाण्यात विरघळवा. एकेक लिटर गढूळ पाण्याच्या तीन भांड्यांत हे द्रावण 2, 4 आणि 6 मिलिलिटर घाला. मिनिटभर जोरात, मग पाच मिनिटं अगदी हळू ढवळा. घाईघाईने ढवळलं तर तयार झालेले पुंजके फुटतात. अर्ध्या तासाने समजा 2 वालं धूसरच आहे, 4 आणि 6 सारखेच निवळले, तर 4 पुरे. म्हणजे 20 लिटरच्या बादलीला 80 मिलिलिटर. एकही निवळलं नाही, तर तुरटी वाढवत बसू नका. पावसाच्या पाण्याने पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, उतरलेली असली की तुरटी नीट काम करत नाही.

गाळ न हलवता वरचं पाणी ओतून घ्या, कापडातून गाळा आणि खळखळून उकळा. तुरटीने जंतू मरतीलच असं नाही. आणि क्लोरीन गढूळ पाण्यात घातलं, तर जंतू मातीच्या कणांआड लपून वाचतात.

एवढं करूनही मातीचा वास राहू शकतो. तो बहुधा जिओस्मिनचा, म्हणजे मातीतल्या आणि पाण्यातल्या सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या पदार्थाचा. नाकाला तो अत्यल्प प्रमाणातही कळतो. तुरटीने जात नाही, कार्बनच्या फिल्टरने बराच कमी होतो.