बोर्ड गेमची नियमपुस्तिका मराठीत आणताना: पाळी, उदाहरण आणि पत्त्यावरचा मजकूर

अनुवाद पहिल्या पानापासून सुरू करू नका. आधी खेळ मूळ नियमांनी दोनदा खेळा आणि शब्दांची यादी करा. संपूर्ण खेळ म्हणजे ‘डाव’, सगळ्यांची एकेकदा खेळी झाली की ‘फेरी’, एका खेळाडूची वेळ म्हणजे ‘पाळी’ आणि तिचा भाग म्हणजे ‘टप्पा’. एकदा ठरलेला शब्द शेवटपर्यंत तोच ठेवा. एरवी पुनरुक्ती टाळणं चांगलं, पण इथे ‘पाळी’ऐवजी मध्येच ‘खेप’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला ती वेगळीच गोष्ट वाटते. गड्डीतून पत्ता ‘ओढा’ आणि पटावरची सोंगटी ‘उचला’, असा फरकही आधीच ठरवून टाका.

पाळीचे टप्पे आज्ञार्थात आणि क्रमांक घालून लिहा:

१. गड्डीतून २ पत्ते ओढा.
२. हातातला १ पत्ता खेळा.
३. हातात ५ पेक्षा जास्त पत्ते असतील, तर जास्तीचे टाका.

‘पत्ते ओढून एक खेळताना जास्तीचे टाकावेत’ अशा एका वाक्यात हेच कोंबलं, तर कशाच्या आधी काय, यावर वाद ठरलेला.

उदाहरण सोप्या खेळीचं नको, जिथे शंका येते तिथलं द्या. मीनाच्या हातात ५ पत्ते आहेत. ती २ ओढते, ७ होतात. मर्यादा तिसऱ्या टप्प्यातच तपासायची असल्याने हे चालतं. ती १ खेळते, ६ उरतात. मग १ टाकते आणि ५ पत्त्यांवर पाळी संपते. प्रत्येक आकडा नियमांशी पडताळून घ्या. उदाहरण आणि नियम जुळले नाहीत, तर लोक उदाहरणावर विश्वास ठेवतात.

आता पत्ते. समजा, पहिला खर्डा असा आहे: ‘तुमची इच्छा असल्यास तुम्ही हातातील एक पत्ता टाकून गड्डीतून दोन पत्ते ओढू शकता. त्यानंतर तुमची पाळी संपते.’ हा लांब आहेच, शिवाय पत्ता न टाकणाऱ्याची पाळी संपते का, हे कळत नाही. मूळ नियम तपासून असं लिहा: ‘हवं तर: १ पत्ता टाका, २ ओढा. तसं केल्यास पाळी संपते.’ ‘हवं तर’ ही खूण सगळ्या ऐच्छिक पत्त्यांवर सारखीच ठेवा.

६३ × ८८ मिमीच्या पत्त्यावर कडेने ३ मिमी सोडले, तर रुंदी ५७ मिमी उरते. देवनागरीत वेलांटी, रफार वर जातात आणि उकार खाली येतात, म्हणून ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या सुमारे १.४ पट ठेवून बघा. मजकूर मावत नसेल तर शब्द कमी करा. अक्षर बारीक केलं की जोडाक्षरं आधी भरून जातात. ‘२’ एका ओळीत आणि ‘पत्ते’ दुसऱ्या ओळीत जाऊ नये म्हणून मध्ये न तुटणारी मोकळी जागा टाका.

सगळ्यात लांब मजकुराचे पाच पत्ते शंभर टक्के आकारात छापा. मग खेळ न पाहिलेल्या चौघांच्या हाती पुस्तिका द्या आणि स्वतः काहीही समजावू नका. ते जिथे मागची पानं चाळू लागतील, तिथला नियम पुन्हा लिहा.