फोनवर सगळं चालतं, टीव्हीवर मात्र ‘नेटवर्क एरर’? आधी टीव्हीची तारीख बघा

राउटर बंद-चालू करण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख आणि वेळ बघा. हसू येईल, पण घोळ बऱ्याचदा तिथेच असतो.

गणपतीत आम्ही दहा दिवस गावी गेलो, तेव्हा मेन स्विच बंद केला होता. परतल्यावर टीव्ही वाय-फायला जोडलेला दिसत होता, पण एकही अ‍ॅप उघडेना. तारीख पाहिली तर १ जानेवारी २०१८!

अ‍ॅप सर्व्हरशी बोलण्याआधी त्याचं सुरक्षा प्रमाणपत्र तपासतं. त्यावर ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध’ असं असतं. टीव्ही २०१८ मध्ये अडकला असेल तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून तो जोडणी नाकारतो. अ‍ॅप मात्र सरळ नेटवर्कवर खापर फोडतं. फोनची वेळ सहसा आपोआप जुळते, त्यामुळे तिथे अडत नाही.

अँड्रॉइड टीव्हीवर Settings मध्ये Date & time शोधा. Automatic date & time बंद करून पुन्हा चालू करा. तरीही तारीख जुनीच राहिली तर ते बंद ठेवून तारीख, वेळ हाताने भरा. टाइम झोन भारताचाच आहे ना, तेही बघा. मग टीव्ही रीस्टार्ट करा.

तारीख आधीपासूनच बरोबर असेल, तर दोष दुसरीकडे आहे. टीव्ही जुना असल्यास सॉफ्टवेअर अपडेट करून बघा, कारण त्यातली प्रमाणपत्रांची यादीही जुनी होते.